यूएटी पडली, तारीख पुढे गेली: समितीला काय लिहायचं?

प्रश्न: जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये ईआरपी बसवतोय. १ ऑक्टोबरला गो-लाइव्ह ठरलं होतं, पण यूएटी फेल झाली. उद्या स्टीअरिंग कमिटीला स्टेटस मेल पाठवायचा आहे. कुणावर ढकलतोय असं न वाटता कसं लिहू?

उत्तर:

भाऊ, ढकलण्याची काळजी नंतर. समितीवरचे शेठ मेल मोबाईलवर वाचतात. वरच्या दोन ओळींत नवी तारीख आणि कारण दिसलं नाही, तर खालचं कुणी वाचत नाही, सरळ फोन येतो.

धुळ्याकडच्या एका जिनिंगमध्ये माझ्यावर हीच वेळ आली होती. ६४ स्क्रिप्टपैकी ५१ पास, ९ फेल, आणि ४ चालवताच आल्या नाहीत. व्हेंडरचा माणूस म्हणाला, "८० टक्के पास लिहा." मी लिहिलं नाही. एकच फेल स्क्रिप्ट बघा, म्हणजे कारण कळेल.

कापसाची ट्रॉली काट्यावर भरलेली ४८.२० क्विंटल, रिकामी २१.७०, म्हणजे कापूस २६.५०. ओलावा ११ टक्के, तिथली मर्यादा ८, म्हणून ३ टक्के कपात. ती व्हायला हवी होती ७९.५ किलोची. सिस्टीमने ट्रॉलीच्या वजनासकट धरून १४४.६ किलो कापले. ७,००० रुपये भाव धरला तर एका ट्रॉलीमागे शेतकऱ्याचे ४,५५७ रुपये गेले. व्हेंडरच्या चाचणीत हे सापडलं नव्हतं, कारण त्यांच्या नमुना डेटात रिकाम्या गाडीचं वजन शून्य होतं. सापडलं काट्यावरच्या मुनीमजींना, तेही खरी काटापावती समोर ठेवून. ८० टक्क्यांच्या आकड्यात हे कुठे दिसणार?

म्हणून मेलआधी फेल स्क्रिप्ट वेगळ्या करा. आमच्या ९ पैकी ५ सॉफ्टवेअरच्या चुका होत्या, २ शेतकऱ्यांच्या मास्टर डेटातल्या, आणि २ चक्क नव्या मागण्या. नवी मागणी 'फेल' म्हणून गेली की व्हेंडर पैशांचा वाद काढतो आणि तुमचा मेल बाजूला पडतो. न चाललेल्या चार मात्र वेगळ्याच सांगा. खरेदीपावती चुकत असल्यामुळे पुढचं पेमेंट तपासताच आलं नव्हतं. तिथे अजून काय निघेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

नवी तारीख कामाचे दिवस मोजून काढा. आमचं दुरुस्तीला ६ दिवस, व्हेंडरच्या स्वतःच्या चाचणीला २, फेरचाचणीला ४, आणि आधी पास झालेलं बिघडलं नाही ना हे बघायला ३, असे १५ कामाचे दिवस झाले. त्या हिशेबाने ऑक्टोबरच्या मधली तारीख निघत होती. पण महिन्याच्या मध्यात सिस्टीम बदलली की अकाउंटवाल्यांना जीएसटी आणि साठा दोन ठिकाणांहून जुळवावा लागतो. म्हणून १ नोव्हेंबर. भर हंगाम आणि वर दिवाळी, हा धोका मीच मेलमध्ये लिहिला. तो समितीने काढला असता तर उत्तर देत बसावं लागलं असतं.

मेल साधारण असा होता:

> विषय: ईआरपी गो-लाइव्ह १ ऑक्टोबरऐवजी १ नोव्हेंबर, मंजुरी हवी
>
> यूएटीमध्ये कापूस खरेदीची ओलावा-कपात चुकीची येते, त्यामुळे शेतकऱ्याला कमी पैसे जातील. ही चूक घेऊन १ ऑक्टोबरला सुरू करू नये, अशी शिफारस आहे.
>
> ६४ पैकी ५१ पास, ९ फेल, ४ अद्याप चालवता आलेल्या नाहीत (पेमेंट).
>
> पर्याय: फक्त अकाउंट १ ऑक्टोबरला सुरू करता येईल, पण खरेदीची नोंद महिनाभर दोनदा करावी लागेल. त्यामुळे सुचवत नाही.
>
> धोका: १ नोव्हेंबर हंगामात येते. काट्यावर पहिला आठवडा व्हेंडरची दोन माणसं लागतील.
>
> अंतिम निर्णय १८ ऑक्टोबरला. अट: खरेदी आणि पेमेंटमध्ये एकही गंभीर चूक शिल्लक नसावी.
>
> आपल्याकडून हवं: नवी तारीख, आणि जुनी सिस्टीम महिनाभर वाढवण्याचा खर्च मंजूर.

यात "व्हेंडरने", "युजरने" कुठेच नाही. चूक काय आणि ती कुणाला लागते एवढंच आहे. "काही तांत्रिक अडचणींमुळे" हे तेवढं टाळा, त्यावर पहिला प्रश्न "कुठल्या?" हाच येतो.

आणि पाठवायच्या आदल्या संध्याकाळी प्रोजेक्टच्या स्पॉन्सरला फोन करा. चारचौघांसोबत मेलमधून कळलं तर ते बैठकीत तुमच्या बाजूने बोलायचे नाहीत.

आमच्याकडे पुढे त्या चारपैकी एक स्क्रिप्ट पडलीच, उचल वळती होत नव्हती. पण १८ तारखेला अजून तीन दिवस होते, तेवढ्यात दुरुस्त होऊन परत तपासून झाली.