भातानंतर वाल घेऊनही भेंडीच्या मुळांना गाठी का?

प्रश्न: शहापूरजवळच्या प्लॉटवर खरिपात भात, मग वाल आणि उन्हाळ्यात भेंडी घेतो. मध्ये कडधान्य असूनही भेंडीच्या मुळांना गाठी आल्या. फेरपालटाने हे थांबायला हवं होतं ना? (बी.एस्सी. कृषी, दुसरं वर्ष)

उत्तर: वालाने नत्र दिलं असेल, पण सूत्रकृमींना तो भेंडीइतकाच चालतो. मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला वाल, भेंडी, टोमॅटो, वांगी, काकडी अशी कितीतरी पिकं चालतात. पीक बदललं, तरी त्याचं जेवण बंद झालं नाही.

खोडकिड्याशी ताडून बघा. भाताचा पिवळा खोडकिडा जवळजवळ भातावरच जगतो, त्याच्या अळ्या कापणीनंतर धसकटात दडून बसतात. धसकटं नांगरून गाडली आणि दुसरं कुठलंही पीक घेतलं, की त्याची साखळी तुटते. सूत्रकृमीच्या बाबतीत मात्र ‘दुसरं कुठलंही’ चालत नाही.

भाताच्या खाचरात पाणी साचून राहतं तेव्हा त्यांची संख्या घटते. पण सगळे मरत नाहीत, आणि पाणी न टिकणाऱ्या वरकस जमिनीत तर हा फायदा फारच थोडा. उबदार मातीत एक पिढी साधारण २५ ते ३० दिवसांत पूर्ण होते आणि एक मादी काही शे अंडी घालते. थंडीत हा वेग मंदावतो, तरी नोव्हेंबरात पेरलेला वाल निघेपर्यंत दोन-तीन पिढ्या सहज होतात. भेंडी लावता ती अशा भरलेल्या जमिनीत.

वालाच्या मुळांवरच्या गाठी नक्की कोणत्या, हे भेंडी लावण्याआधीच तपासायला हवं होतं. पेरणीनंतर ४० दिवसांनी चार-पाच झाडं खुरप्याने मातीसकट उचला आणि मुळं पाण्यात हलवून धुवा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, बोटाने सहज सुटते आणि कापली की आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती ओढली तर मूळ तुटतं.

पुढच्या हंगामात गाठींच्या वाफ्यात भातानंतर झेंडू घ्या. कल्याणचा फूलबाजार जवळ आहे, माल पडून राहणार नाही. झेंडूचा परिणाम जिवंत मुळांमुळे होतो, म्हणून बांधाला एक ओळ लावून भागत नाही. पूर्ण वाफा किमान दोन महिने झेंडूखाली हवा आणि मधलं तण काढलेलं हवं, कारण कित्येक तणंही सूत्रकृमींना पोसतात. भुईमूगही विचारात घेता येतो, पण आधी मुळांचा नमुना देऊन सूत्रकृमीची प्रजाती ओळखून घ्या. काही प्रजाती भुईमुगावरही वाढतात.

वाल निरोगी वाफ्यातच ठेवा. तिथे काढणी करताना झाड उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापा. नत्राचा मोठा वाटा दाण्यातून जातोच, पाला आणि मुळंही शेताबाहेर गेली तर जमिनीला फारसं काही उरत नाही. याउलट गाठी आलेली भेंडी मुळासकट उपटून शेताबाहेर काढा आणि एप्रिल-मेमध्ये १०-१५ दिवसांच्या अंतराने दोनदा नांगरून माती उन्हात तापू द्या.