कॉलमधला ‘परवा’ तपासून घे

काल तू पाठवलेला सारांश वाचला. औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा सोलर पंपाचा कॉल. कारणाच्या रकान्यात तू ‘कंट्रोलर जळाला’ लिहिलंस. पण ट्रान्सक्रिप्टमध्ये ते वाक्य कुणाचं आहे? शेतकऱ्याचं. कॉल घेणाऱ्या आपल्या मुलीने फक्त ‘स्क्रीनवर काही दिसतंय का’ विचारलं, तो म्हणाला ‘काहीच नाही’. म्हणजे तपासणी झालीच नाही. तिथे लिही: ‘कारण निश्चित नाही, ग्राहकाच्या मते कंट्रोलर जळाला.’ नाहीतर मेकॅनिक कंट्रोलर घेऊन जातो आणि निघते उंदराने कुरतडलेली वायर.

आता तारीख. कॉल गुरुवारचा, १२ जूनचा. शेतकरी म्हणतो, ‘परवापासून पाणी नाही.’ आपली मुलगी म्हणते, ‘परवा माणूस पाठवते.’ शब्द एकच, पण पहिला १० जून, दुसरा १४. तू दोन्हीकडे १४ टाकलीस! क्रियापद बघायचं, मग कॉलच्या तारखेवरून मोजायचं. सारांशात ‘परवा’, ‘सोमवारी’ असलं काही ठेवू नकोस, वाचणारा कधी वाचेल सांगता येत नाही.

आश्वासनाच्या रकान्यात ‘पाठवते’ जाईल. ‘बघते, जमलं तर उद्याच’ हे जाणार नाही. शंका आली की ऑडिओ ऐक; आपल्याकडचं ‘येतंय का नाही’ मशीन कधीकधी ‘येत नाही’ असं उतरवतं.

पाठपुरावा मी १४ तारखेच्या संध्याकाळचाच लावते. सोमवारपर्यंत थांबलं तर शेतकरीच आधी फोन करतो, आणि तेव्हा त्याचा सूर वेगळा असतो.