‘माझं इंग्लिश तपासा’ म्हणजे नेमकं काय तपासायचं?

प्रश्न: इंदूरला इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं ग्रुपवर एक वाक्य टाकतात आणि ‘चेक करा ना, ताई’ म्हणतात. व्याकरण बघू, सहज बोलणं की परीक्षेचं उत्तर?

उत्तर: ताई, आधी वाक्याचं रूप बघा. तुकडे पाडून अ, ब, क, ड लिहिलं असेल किंवा शेवटी ‘नो एरर’ असेल, तर परीक्षेचाच प्रश्न आहे. वर ‘रिस्पेक्टेड सर’ असेल तर ते पत्र कुठेतरी जाणार आहे. तिथे व्याकरणाइतकाच सूरही तपासा.

नुसतं वाक्य आलं की खरी अडचण. समजा, ‘इफ आय वॉज यू, आय विल टेक द जॉब.’ इथे ‘विल’ नक्की चूक, कारण अट काल्पनिक आहे; ‘वुड’ हवं. ‘वॉज’चं तसं नाही. बोलताना ते सर्रास चालतं, पण परीक्षेत ‘वेअर’च लिहायला सांगा, नाहीतर गुण जातील. मैत्रिणीला सल्ला द्यायचा असेल तर ‘आयड टेक इट’ एवढंच पुरतं, नोकरीचा विषय आधीच चाललेला असतो.

म्हणून ‘विल’ लगेच सुधारा आणि मग एकच विचारा: ‘हे कुठे लिहिणार आहेस?’ ‘व्याकरण हवं की सहजता?’ असं विचारू नका. हा फरक कळत नसतो म्हणूनच मूल नुसतं ‘चेक करा’ म्हणतं, आणि उत्तर येतं ‘दोन्ही’. उत्तर येईपर्यंत ‘वॉज’ला लाल खूण करू नका, बरोबर बोलणारं मूल उगाच बिचकतं.