‘३० दिवसांत १० किलो, गॅरंटी’ म्हणणारा कोच घेण्याआधी

पैसे भरण्याआधी एक हिशोब करून बघ. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात १० किलो चरबी घटवायची तर रोज सुमारे २,५०० कॅलरींची तूट हवी. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या ८० किलोच्या माणसाचा रोजचा एकूण खर्चच २,२००च्या आसपास असतो. म्हणजे महिनाभर कडकडीत उपास केला तरी हे गणित बसत नाही.

मग पहिल्या आठवड्यात काटा तीन किलो खाली येतो तो कशाने? पोळी-भात बंद केला की स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, कमी होतो आणि त्यासोबत साठलेलं पाणी निघून जातं. दोन दिवस नीट जेवलास की ते परत येतं. ८०० कॅलरींवर तसंच रेटलं तर स्नायू झिजतात, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा किलो सांगणारा कोच खरं बोलतोय, असं समज.

प्रमाणपत्राचा नुसता फोटो चालवून घेऊ नकोस. एसीई किंवा एनएएसएम या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकी संस्थांचं असेल तर नाव आणि क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. आणि पहिल्या बोलण्यात त्याने बीपी, शुगर, चालू औषधं, गुडघा-कंबर यांबद्दल काहीच न विचारता थेट डाएट चार्ट पाठवला, तर तिथेच थांब. शुगरच्या गोळ्या चालू असताना अचानक जेवण तोडलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तो बदल डॉक्टरांना विचारूनच.