युरियाच्या गोणीवरची सबसिडी कुणाच्या खिशात जाते?

प्रश्न: युरियाच्या एका गोणीवर सरकार जवळजवळ दोन हजार रुपये सबसिडी देतं म्हणतात. मला तर आजवर एक रुपया मिळालेला नाही. मग हा पैसा जातो कुठे?

उत्तर: तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे हा प्रवास रोज डोळ्यांसमोर घडतो. ४५ किलोची गोणी तुम्ही २६६ रुपये ५० पैशांना नेता. सरकारच्याच सांगण्यानुसार तिचा खरा खर्च साधारण २२०० रुपये आहे (गॅसच्या दराप्रमाणे हा आकडा खालीवर होतो). तुम्ही पॉस मशीनवर अंगठा लावला की विक्रीची नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारावर फरकाची रक्कम खत कंपनीला मिळते. २०१८ पासून ही पद्धत सगळीकडे आहे. नाव 'थेट लाभ', पण पैसा तुमच्या खात्यात येत नाही. तुम्हाला मिळते ती फक्त स्वस्त गोणी.

मग १९०० रुपयांचा फायदा तुमचाच झाला का? पूर्ण नाही. युरियाचा कच्चा माल म्हणजे नैसर्गिक वायू, आणि प्रत्येक कारखान्याचा उत्पादन खर्च वेगळा. सरकार तो खर्च ठरावीक मर्यादेत कारखान्यानुसार भरून देतं. समजा, एका जुन्या कारखान्यात गोणी २२०० ला पडते आणि तीच बाहेरून आणली तर १८०० ला पडली असती. सबसिडी नसती तर तुम्ही १८०० मोजले असते, म्हणजे तुमचा फायदा साधारण १५३० चा. वरचे ४०० कारखान्याचा महागडा खर्च आणि महाग गॅस भागवण्यात गेले. पावतीवर मात्र सगळं शेतकऱ्याच्या नावे.

शेतकऱ्यांतही वाटणी सारखी नाही. गोणीवर सबसिडी असल्यामुळे जो जास्त गोण्या नेतो त्याला जास्त मिळते. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १००. एका गोणीत २०.७ किलो नत्र असतं. थोडं नत्र दुसऱ्या खतांतून आलं तरी एकरी चार गोण्या सहज लागतात, म्हणजे एकरी साडेसात हजारांहून जास्त सबसिडी. कोरडवाहू सोयाबीनवाला मुळांवरच्या गाठींच्या भरवशावर असतो, तो एखादी गोणी नेतो किंवा नेतही नाही. ज्याच्याकडे पाणी त्याच्याकडे सबसिडी, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, पण होतं तसंच.

भाव कसे बिघडतात ते आता बघा. युरियातलं एक किलो नत्र तुम्हाला सुमारे १३ रुपयांना पडतं. ५० किलोची डीएपी १३५० ला, तिच्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. नत्राचे ११६ रुपये वजा केले तर स्फुरद किलोला जवळजवळ ५४ रुपये होतं, म्हणजे चौपट. याचं कारण २०१० मध्ये आहे. तेव्हा स्फुरद-पालाशाच्या खतांना अन्नद्रव्यानुसार ठरावीक सबसिडी लागू झाली आणि युरिया त्यातून बाहेर राहिला. त्यामुळे हात आखडला की माणूस स्फुरद-पालाश सोडतो आणि युरिया वाढवतो. त्याला अडाणी म्हणू नका, तो भाव बघूनच वागतोय.

टंचाईचंही मूळ इथंच. जुलैत पाऊस उघडला की सगळ्यांना एकाच आठवड्यात युरिया हवा असतो. भाव वाढू शकत नाही, म्हणून रांग वाढते. त्यात 'लिंकिंग' येतं: युरियाच्या गाडीसोबत न खपणारा माल गळ्यात मारला जातो. एका कंपनीने माझ्याकडे असा माल उतरवला होता, आणि तो मी पुढे गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारला, हेही कबूल करतो. म्हणजे २६६ ची गोणी प्रत्यक्षात २६६ ला पडतेच असं नाही. शिवाय प्लायवूडच्या गोंदासाठीही युरिया लागतो. कारखान्यांसाठीचा युरिया विनासबसिडी आणि कितीतरी महाग, त्यामुळे शेतीचा माल तिकडे वळतो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंब-लेपित केला त्यामागे हेही एक कारण होतं. चोरी अवघड झाली, पण भावातली दरी आहे तोवर मोह राहणारच.

युरिया जास्त झाला हे शेतात ओळखायचं कसं? परवा कापूसवाले एक काका आले. म्हणाले, "पिकाला काळोखी आली पायजे, दोन गोण्या दे." मी म्हटलं, "काका, पंधरा दिवसांपूर्वीच नेल्या होत्या ना?" फोटो बघितला तर पानं गर्द हिरवी, लुसलुशीत, झाड उंच, पाती कमी आणि पानामागे तुडतुडे. जादा नत्राची ही ओळखीची लक्षणं, कोवळ्या लुसलुशीत पानावर रसशोषक किडी लवकर येतात. मी एकच गोणी दिली. जाताना काकांनी तुडतुड्यांच्या औषधाची बाटली घेतली. तिच्यावर सबसिडी नाही, आणि तिची किंमत गोणीच्या दुपटीहून जास्त होती.