रिटेन्शन बोनसच्या पत्रावर सही करण्याआधी

सातपूरच्या कंपनीने तीन हप्त्यांत तीन लाख देऊ केलेत, छान. पण पत्रातलं वसुलीचं कलम सावकाश वाच. 'हप्ता मिळाल्यापासून 12 महिन्यांत नोकरी सोडल्यास रक्कम परत' असं असेल, तर प्रत्येक हप्त्याचं घड्याळ नव्याने सुरू होतं. शेवटचा हप्ता घेतलास की आणखी वर्षभर अडकलास.

खरी गोम टीडीएसची. समज, जानेवारीत एक लाखाचा हप्ता आला. तू 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असशील तर सेससह 31,200 कापले जातात, खात्यात पडतात 68,800. जूनमध्ये राजीनामा दिलास आणि पत्रात नुसतं 'दिलेली रक्कम' लिहिलं असेल, तर एचआर पूर्ण लाख मागतं. हिशोब 31 मार्चच्या आत झाला असता, तर पेरोलला त्याच वर्षाच्या पगारात तो वळता करता आला असता. वर्ष उलटलं की फॉर्म 16 निघालेला असतो, आणि तो कर परत मिळवणं म्हणजे सीएकडे खेटे.

म्हणून 'करकपातीनंतर हातात आलेली रक्कम' असे शब्द घालून घे. शिवाय काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात वसुली कमी व्हावी, आणि कंपनीनेच काढलं तर वसुली नको, हेही मेलवर माग. एचआरचं तोंडी 'होईल हो' धरू नकोस. मुदत राजीनाम्याच्या तारखेला मोजणार की शेवटच्या दिवशी, तेवढं विचार. नोटीस तीन महिन्यांची असेल तर तिथेच सगळं फिरतं.