शिकवणीमुळे मार्क कमी होतात का?

प्रश्न: डेटा अॅनालिस्टच्या मुलाखतीत मला आकडे दाखवले. शिकवणीला जाणाऱ्या १०० मुलांची सरासरी ५६, न जाणाऱ्या १०० मुलांची ६९. शिकवणीमुळे मार्क कमी होतात का, असं विचारलं. मी म्हणालो, "सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे." त्यावर "मग पुढे काय कराल?" आलं आणि मी अडकलो. काय सांगायला हवं होतं?

उत्तर: आधी विचारायचं, की शिकवणीला मुळात कोण जातं? बहुतेकदा ज्यांना अभ्यास जड जातो तीच मुलं. म्हणजे आधीची तयारी हा घटक दोन्हीकडे हात घालतो: शिकवणी लावायची की नाही तेही तोच ठरवतो आणि मार्कही. यालाच कन्फाउंडर म्हणतात. म्हणून मुलाखतकाराकडे शिकवणी सुरू होण्याआधीच्या वर्षाचे मार्क मागायचे आणि त्यावरून मुलांचे दोन गट पाडायचे.

समजा, शिकवणीच्या १०० मुलांत ८० कच्ची आणि २० पक्की निघाली; न जाणाऱ्यांत नेमकं उलट. कच्च्या मुलांची सरासरी शिकवणीसह ५०, शिकवणीविना ४५. पक्क्यांची ८० आणि ७५. आता एकत्र सरासरी काढून बघ: ५६ आणि ६९, तुला दाखवलेलेच आकडे! प्रत्येक गटात शिकवणीवाले ५ मार्कांनी पुढे आहेत, तरी एकत्र केल्यावर १३ने मागे पडतात, कारण त्यांच्यात कच्च्या मुलांचा भरणा जास्त आहे. दोन्हीकडे कच्ची-पक्की निम्मी-निम्मी धरली, तर सरासरी ६५ आणि ६० येते.

पँडासमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```python
df.groupby(["prev_band", "tuition"])["marks"].agg(["mean", "count"])
```

`count` मुद्दाम घेतलाय. एखाद्या गटात चार-पाचच मुलं असतील तर तिथल्या सरासरीवर विसंबता येत नाही.

इथे उमेदवार हमखास एक चूक करतात: हाताशी असलेला कुठलाही रकाना घेऊन गट पाडतात. चाचणी परीक्षेचे मार्क शिकवणी सुरू झाल्यानंतरचे असतील, तर ते शिकवणीचाच परिणाम असू शकतात. त्यावर गट पाडलेस तर जो परिणाम मोजायचाय त्याचाच काही भाग पुसला जाईल. रकाना निवडताना तारीख बघ.

आणि ५ मार्कांचा फरक दिसला म्हणून तो शिकवणीनेच पडला असंही म्हणू नकोस. मुलाची जिद्द किंवा घरी अभ्यास घेणारं कुणी आहे का, हे या तक्त्यात नाहीच. शिवाय "कच्ची" या एका गटातही १५ मार्कवाला आणि ४५वाला एकत्र बसलेत. गट बारीक केल्यावर फरक बदलतो का ते पाहायला हवं. मुलाखतकाराने आणखी खोदलं तर सांग, की शिकवणीच्या जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा. मग न मोजलेले घटकही दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जातात, आणि मुलं पुरेशी असतील तर चिठ्ठी लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची सरासरी थेट ताडून बघता येते.